चित्र सकाळचं, आवाज संध्याकाळचा: नर्सच्या एका दिवसाची स्क्रिप्ट

प्रश्न: माझी बहीण जिल्हा रुग्णालयात पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. तिच्या एका दिवसावर सहा-सात मिनिटांचा व्हिडिओ करायचाय. निवेदन तिच्याच आवाजात, मागे वळून पाहिल्यासारखं, आणि संवाद जवळजवळ नाहीतच. पण लिहायला बसलो की अलार्म, चहा, युनिफॉर्म, राउंड अशी नुसती यादी होते, आणि निवेदनाचं भाषण होतं. स्क्रिप्ट बांधायची कशी?

उत्तर:

दिवस घड्याळावर मांडू नका, ओव्हरवर मांडा. ओव्हर म्हणजे पाळी बदलताना एका सिस्टरने दुसरीला प्रत्येक रुग्णाची माहिती सांगून वॉर्ड सोपवणं. सकाळी रात्रपाळीची सिस्टर तुमच्या बहिणीला ओव्हर देते आणि दुपारी दोनच्या सुमारास बहीण पुढच्या सिस्टरला ओव्हर देते. या दोन ओव्हरच्या मध्ये एका खाटेवर जे बदललं, तेवढीच तुमची गोष्ट. अलार्म आणि चहा कोणाच्याही दिवसात असतो, म्हणून तो काढला तरी काही बिघडत नाही.

ओव्हर खाटेखाटेपाशी होते. प्रत्येक रुग्णाला एखाद-दोन वाक्यं मिळतात आणि पुढे सरकायचं असतं. घेणारी सिस्टर सगळं ऐकते, लिहून घेते, पण त्यातल्या एखाद्या वाक्यावर तिचं मन अडकतं. ते का अडकलं हे तिला त्या क्षणी नीट सांगताही येत नाही, कारण ते अनुभवाने आलेलं असतं. तुमच्या निवेदनाचं खरं काम हे अडकणं उलगडून सांगणं आहे. वॉर्डात तीस-चाळीस रुग्ण असतील, पण सात मिनिटांच्या फिल्मला एकच झेपतो. बाकीचे पार्श्वभूमीला राहू द्या, म्हणजे गर्दी आपोआप कळते.

मी रुग्णालयांतल्या प्रशिक्षणाच्या फिल्म लिहितो आणि संकलित करतो. हा एक रुग्ण सापडतो कसा, तर बहिणीशी बोलून. पण ‘तुला काम करताना कसं वाटतं?’ असं विचारू नका. या प्रश्नाला प्रत्येक सिस्टर तेच उत्तर देते: सेवा, समाधान, रुग्णांचे आशीर्वाद. ते खोटं नसतं, पण त्यातून काही दिसत नाही. त्याऐवजी म्हणा, ‘काल दुपारी ओव्हर दिलीस ती मला जशीच्या तशी दे.’ ती खाटांचे नंबर घेत भराभरा सांगायला लागेल. एखाद्या खाटेपाशी तिचा वेग मंदावेल, किंवा ती म्हणेल, ‘याचं मोठं झालं काल.’ तिथे थांबवा आणि पुढचा अर्धा तास तेवढ्यावरच घालवा. फोनवर रेकॉर्ड करा आणि नंतर शब्दन् शब्द उतरवून काढा. तुमचं निवेदन त्या उतरवलेल्या कागदांतून निघायला हवं, तुमच्या डोक्यातून नाही.

आता एक उदाहरण पूर्ण मांडतो. मेडिकल वॉर्डात हे वारंवार घडतं, म्हणून तेच घेतलं. खाटेचा नंबर मी दिलेला आहे.

अकरा नंबरला पासष्टीचे एक गृहस्थ. आयुष्यभर बिडी ओढलेली, आता सीओपीडी, म्हणजे फुप्फुसं कायमची खराब करणारा जुनाट आजार, ज्याला वॉर्डात दमाच म्हणतात. नाकात ऑक्सिजनची नळी, मिनिटाला दोन लिटर. अशा काही रुग्णांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून राहण्याची प्रवृत्ती असते. त्यांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की तो आणखी साठतो आणि माणूस गुंगीत जातो. म्हणून डॉक्टर त्यांच्यासाठी सॅच्युरेशनचं, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्केवारीचं, लक्ष्य ८८ ते ९२ असं मुद्दाम कमी ठेवतात. नातेवाइकांना हे माहीत नसतं. धाप लागलेली दिसली की मुलगा उठतो आणि ऑक्सिजनचा प्रवाह दाखवणाऱ्या भिंतीवरच्या फ्लोमीटरचा नॉब फिरवतो. सॅच्युरेशन ९७ दाखवायला लागतं आणि सगळ्यांना हायसं वाटतं. आकडा सुधारलेला असतो, माणूस मात्र बिघडत असतो.

नर्सच्या फिल्मला याहून चांगला प्रसंग मिळणं कठीण. चित्रात सगळं चांगलं दिसतंय आणि धोका फक्त तिला कळलाय, म्हणून निवेदनाची गरज इथे खरोखर पडते. जिथे चित्र पुरेसं बोलतं तिथे निवेदन फुकट जातं. आधी स्क्रिप्टचे मुख्य तुकडे देतो, मग ते असे का लिहिले ते सांगतो.

प्रसंग एक. सकाळची ओव्हर.

दृश्य: खाटांच्या रांगेमधून चालणाऱ्या दोन सिस्टर. कॅमेरा कमरेच्या उंचीवर. रिपोर्ट बुक, पेन, मनगटावरचं घड्याळ. रुग्णांचे चेहरे चौकटीबाहेर.

रात्रीची सिस्टर: “अकरा नंबर. ऑक्सिजन दोन लिटर, सॅच्युरेशन नव्वद. रात्रभर बसूनच होते, पहाटे जरा डोळा लागला.”

आवाज: “ओव्हर घेताना हात लिहीत असतो. कान मात्र एखाद्या वाक्यापाशी राहतो. त्या दिवशी तो ‘पहाटे डोळा लागला’ पाशी राहिला. दम्याच्या माणसाला झोप लागली तर त्याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे आराम पडला. दुसरा मी बोलून दाखवत नाही. जाऊन बघते.”

प्रसंग दोन. अकरा नंबर.

दृश्य: म्हाताऱ्या मनगटावर तीन बोटं. बाजूला घड्याळ. सेकंदकाटा एक फेरी पूर्ण करतो. बोटं तशीच राहतात. कॅमेरा हळूच वर सरकतो: चादरीची घडी वर-खाली होतेय.

ध्वनी: ऑक्सिजनच्या बाटलीतले बुडबुडे, बारीक, एकसारखे.

आवाज (काटा पूर्ण फिरल्यानंतरच): “नाडी मोजून झाली. पण हात सोडला नाही. आता श्वास मोजायचा होता. मोजतेय हे कळलं की माणूस वेगळा श्वास घ्यायला लागतो, म्हणून त्याला वाटू द्यायचं की अजून नाडीच चाललीय. बावीस. बाबा डोळे मिटून म्हणाले, ‘किती आहे?’ मी म्हटलं, ‘छान आहे.’”

प्रसंग तीन. साडेदहा.

दृश्य: बहीण एका रुग्णाची व्हीलचेअर घेऊन एक्स-रेहून परत येते. चार नंबरपाशी सलाईन लावते. ड्रिप चेंबरमधून पडणारे थेंब. तिचे ओठ हलतायत, ती मोजतेय.

ध्वनी: पंखा, ट्रॉलीची चाकं, कोणाचा तरी खोकला. या सगळ्याखाली बुडबुड्यांचा आवाज, पण आता जाड, खळखळणारा. हा ट्रॅक हळूहळू वर आणायचा.

आवाज नाही.

दृश्य: तिचे ओठ थांबतात. मान वळते. कट. फ्लोमीटरच्या काचेच्या नळीतली गोळी सहावर.

मुलगा: “मीच वाढवला सिस्टर, तुम्ही खाली गेला होतात तेव्हा. बाबांना धाप लागली होती. बघा ना, सत्त्याण्णव आलं.”

दृश्य: बोटाला लावलेला ऑक्सिमीटर. ९७.

आवाज: “कोविडमध्ये हे यंत्र घराघरांत गेलं आणि सगळ्यांनी एक आकडा पाठ केला. चौऱ्याण्णवच्या खाली वाईट, वर गेलं की चांगलं. बाबांच्या केस पेपरवर मात्र डॉक्टरांनी लिहिलं होतं, अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव. त्यांच्या फुप्फुसांना तेवढंच योग्य होतं. मी हाक मारली. तिसऱ्या हाकेला डोळे उघडले. मनगट हातात घेतलं. श्वास चौदा.”

दृश्य: नॉबवर तिची बोटं. गोळी खाली येते, दोनावर थांबते. बुडबुडे बारीक होतात.

बहीण: “मावशी, खाटेचं डोकं वर करा. आणि सरांना सांगा, अकरा नंबरला लगेच या.”

आवाज: “बंद करायचा नसतो. एकदम बंद केला तर सॅच्युरेशन झपकन खाली येतं. लिहून दिलेल्या दोनावर आणायचा, आणि खाट सोडायची नाही. सर आले, मनगटाच्या रोहिणीतून एबीजीला, म्हणजे रक्तातले वायू तपासायला, रक्त घेतलं. मी दर थोड्या वेळाने हाक मारत राहिले. तासाभराने बाबा पहिल्याच हाकेला म्हणाले, ‘चहा मिळेल का?’ मग मी चार नंबरला गेले आणि थेंब पुन्हा पहिल्यापासून मोजले.”

प्रसंग चार. दुपारची ओव्हर.

दृश्य: पहिल्या प्रसंगाचीच चौकट. आता रिपोर्ट बुक बहिणीच्या हातात.

बहीण: “अकरा नंबर. ऑक्सिजन दोन लिटर, सॅच्युरेशन नव्वद, श्वास वीस. सकाळी गुंगी होती, एबीजी झालंय, सरांनी बघितलंय. मुलाला समजावलंय. तरी फ्लोमीटरवर नजर ठेव.”

आवाज: “मुलगा त्यानंतर बराच वेळ जिन्यात बसून होता, हे ओव्हरमध्ये सांगायचं नसतं. मी त्याला म्हटलं, ‘तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पण आता धाप लागली तर नॉबला हात लावू नका, मला हाक मारा.’”

एवढीच गोष्ट. आता हे असं का लिहिलं ते सांगतो.

सर्वांत आधी काळ बघा. चित्र चालू क्षणाचं आहे आणि निवेदन भूतकाळात आहे: ‘हाक मारली’, ‘डोळे उघडले’. मागे वळून पाहण्याचा सूर विचारमग्न शब्दांनी येत नाही, तो या अंतराने येतो. घरी पोचलेली, पाय धुऊन बसलेली बाई सकाळबद्दल बोलतेय, असं ऐकणाऱ्याला न सांगता कळतं. नेहमी घडणाऱ्या गोष्टींपुरता वर्तमानकाळ यायला हरकत नाही: ‘ओव्हर घेताना हात लिहीत असतो’. त्या दिवशीचं मात्र भूतकाळात. एकाच परिच्छेदात ‘मी हाक मारते’ आणि ‘मी हाक मारली’ अशी सरमिसळ झाली की आवाज कुठून बोलतोय हेच कळेनासं होतं, आणि नवीन स्क्रिप्टमध्ये नेमकं हेच बिघडतं. निवेदन मोठ्याने वाचा आणि क्रियापदांखाली रेघा मारा, लगेच सापडेल.

दुसरी गोष्ट, निवेदनात भावनेचं नाव कुठेही नाही. ‘मी घाबरले’ नाही, ‘माझं काळीज हललं’ नाही. ‘तिसऱ्या हाकेला डोळे उघडले’ आणि ‘श्वास चौदा’ आहे. प्रेक्षकाने दुसऱ्या प्रसंगात बावीस ऐकलेला आहे. चौदा ऐकल्यावर आधी त्यालाही वाटतं की धाप कमी झाली, आणि मग हाकांचं वाक्य आठवून तो सावध होतो. हे काम त्याच्याकडून करवून घ्यायचं. म्हणूनच श्वास मोजण्याची युक्ती आधीच्या प्रसंगात सांगून टाकली. तिसऱ्या प्रसंगात नुसतं मनगट हातात घेतलेलं दिसलं तरी ती काय करतेय ते त्याला ठाऊक असतं, आणि समजावण्यात वेळ जात नाही. तांत्रिक माहिती नेहमी शांत प्रसंगात पेरा. धावपळीच्या प्रसंगात ती दिली की फिल्म वर्गातल्या तासासारखी होते.

‘देवदूत’, ‘ममता’, ‘निःस्वार्थ सेवा’ हे शब्द मी स्क्रिप्टमधून काढून टाकतो, आणि याबाबत माझा आग्रह आहे. १२ मे, म्हणजे जागतिक परिचारिका दिन जवळ आला की असे शब्द असलेले व्हिडिओ भरभरून येतात. ते शब्द तिचं कसब झाकून टाकतात. अकरा नंबरचे बाबा वाचले ते तिच्या मायेमुळे नव्हे. तिने आकड्यावर विसंबून न राहता माणसाकडे बघितलं, श्वास मोजला आणि डॉक्टरांना वेळेत बोलावलं, म्हणून वाचले. माया असेलच. ती ‘छान आहे’ या दोन शब्दांत दिसते.

मुलाला खलनायक करू नका. कापताना हा मोह होतो, कारण त्याने प्रसंग तिखट होतो. पण तो बापासाठीच उठला होता, आणि ती खाली गेली होती म्हणून उठला. एक सिस्टर एक्स-रेला गेली की मागे वॉर्ड कोणाच्या भरवशावर राहतो, हा प्रश्न चित्रातून आपोआप उभा राहतो. निवेदनात त्यावर एकही वाक्य नको. व्हीलचेअर ढकलत ती दारातून बाहेर जाते तो शॉट जरा जास्त वेळ ठेवा, मागे रिकामा नर्सिंग स्टेशनचा टेबल दिसू द्या.

शब्दसंख्येचं गणित आधीच करून ठेवा. संथ, बोलल्यासारखं मराठी निवेदन मिनिटाला साधारण शंभर शब्दांनी जातं. आपली मराठी प्रत्यय शब्दालाच जोडते, त्यामुळे शब्द लांब होतात, आणि इंग्रजी निवेदनाचे हिशेब इथे चालत नाहीत. सात मिनिटांच्या फिल्ममध्ये निम्म्याहून कमी वेळ आवाज हवा, म्हणजे तीन-साडेतीन मिनिटं, म्हणजे फार तर ३५० शब्द. वरच्या चार प्रसंगांत निवेदनाचे दोनशेहून थोडे अधिक शब्द झालेत. उरलेल्या शब्दांत सकाळचा राउंड, औषधांची ट्रॉली आणि एखादा डिस्चार्ज येईल, आणि तिथेही जितकं गप्प राहता येईल तितकं राहा. पहिला मसुदा सातशे शब्दांचा झाला तर घाबरू नका, पण कापल्याशिवाय शूटिंगला जाऊ नका. नाहीतर शब्दांना पुरवायला चित्रं गोळा करत फिराल.

संवाद किती ठेवायचे याची माझी कसोटी अशी: जे वाक्य काम घडवून आणतं तेच कॅमेऱ्यासमोर बोललं जावं. ओव्हर हे काम आहे, ‘खाटेचं डोकं वर करा’ हे काम आहे. मुलाला समजावणं हा संवाद होता, तो मी निवेदनात नेला, कारण समोरासमोर तो उपदेशासारखा वाटला असता. वॉर्डातली हाक मात्र जशी असते तशीच राहू द्या: मावशी, मामा, सर, बाबा. लिहिताना तिचं ‘परिचारिका’ करू नका. तिला वॉर्डात सगळे सिस्टर म्हणतात.

या स्क्रिप्टमध्ये ध्वनी शब्दांइतकाच महत्त्वाचा आहे, म्हणून तो कागदावर स्वतंत्र ओळीत लिहा. ऑक्सिजन ज्या पाण्याच्या बाटलीतून जातो तिचा आवाज प्रवाह वाढला की बदलतो. दोन लिटरला बारीक बुडबुड असते, सहाला खळखळाट. अनुभवी सिस्टरचा कान तो पकडतो. हे निवेदनात सांगितलं असतं तर ती एक माहिती झाली असती. दुसऱ्या प्रसंगात बारीक आवाज ऐकवून तिसऱ्यात जाड ऐकवला की प्रेक्षकाचाही कान तिच्याबरोबर वळतो. दोन्ही आवाज बाटलीजवळ माइक नेऊन वेगवेगळे रेकॉर्ड करा, आणि नुसत्या वॉर्डाचाही अर्धा मिनिट, कोणी न बोलता. संकलनात जोड झाकायला तो लागतोच. तिसऱ्या प्रसंगात संगीत अजिबात नको, ते त्या बुडबुड्यांवरच बसेल.

सलाईनचा शॉट घेताना हिशेब बरोबर ठेवा, कारण तुमचा व्हिडिओ इतर सिस्टरही बघणार आहेत. नेहमीच्या सेटमधून २० थेंबांना एक मिलिलिटर पडतं. ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचं तर तासाला १२५, आणि मिनिटाला सुमारे ४२ थेंब. म्हणजे पंधरा सेकंदांत दहा-अकरा. ड्रिप चेंबरमधून धार लागलेली दाखवली आणि तोंडाने ‘चार तास’ म्हटलं, तर जाणकार प्रेक्षक तिथेच फिल्म सोडून देतो. फ्लोमीटरची गोळी मधोमध वाचतात, म्हणून कॅमेरा गोळीच्या समोर, त्याच उंचीवर ठेवा. खालून घेतला तर आकडा चुकीचा दिसतो. ट्यूबलाइट लुकलुकू नये म्हणून २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे.

अकरा नंबरचा प्रसंग खऱ्या रुग्णावर चित्रित करायचा नाही. रिकामी खाट घ्या, रुग्ण म्हणून एखादा सहकारी झोपवा, आणि इन्चार्ज सिस्टरच्या परवानगीने थोडा वेळ फ्लोमीटर चालवा. शेवटच्या पाटीवर स्पष्ट लिहा की रुग्णाची ओळख बदललेली आहे आणि काही दृश्यं पुन्हा घडवून घेतली आहेत. बहीण खरोखर औषधं काढत असताना तिच्याशी बोलू नका, ‘परत एकदा करून दाखव’ असं म्हणू नका. औषधाच्या ट्रॉलीपाशी लक्ष विचलित झालं तर डोस चुकतो. ते शॉट ड्यूटी संपल्यावर, रिकाम्या कुप्या घेऊन करा. आणि ऑक्सिजनच्या जवळपास दिवा, पणती, मेणबत्ती काहीही पेटवू नका, नाइटिंगेलच्या स्मरणार्थसुद्धा नाही.

परवानगी स्क्रिप्टच्या आधी मागा, नंतर नाही. जिल्हा रुग्णालयात ती जिल्हा शल्यचिकित्सकांकडून लेखी घ्यायची, आणि मेट्रन व वॉर्डाच्या इन्चार्जना आधी भेटायचं. बहीण सरकारी नोकरीत असेल तर तिला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात, त्यामुळे तिच्या नावाने काही प्रसिद्ध करण्याआधी कार्यालयाची मान्यता हवी. चेहरा टाळला म्हणजे ओळख लपली असं होत नाही. खाटेवरची पाटी, केस पेपर, मनगटावरची पट्टी, मॉनिटरवरचं नाव, अगदी उशाशी ठेवलेली ओळखीची पिशवीही माणूस ओळखू देते. संकलनाच्या वेळी प्रत्येक शॉट थांबवून कोपरे तपासा. पोलीस केस, लहान मुलं आणि एचआयव्हीचे रुग्ण यांच्या आसपास कॅमेरा बाहेरच काढू नका. तिथे ओळख उघड होणं कायद्याने गुन्हा ठरू शकतं.

निवेदन सगळ्यांत शेवटी, कापलेलं चित्र समोर ठेवून रेकॉर्ड करा. ड्यूटीवरून थेट आणून नव्हे, ती विश्रांती घेऊन बसल्यावर. पडदे आणि गाद्या असलेली खोली, पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि जरासा बाजूला. कागद हातात दिला की ती शाळेतल्यासारखं वाचेल. म्हणून आधी एकदा वाचू द्या, मग कागद काढून घ्या आणि म्हणा, ‘आता मला सांग.’ शब्द थोडे बदलतील. बदलू द्या, फक्त आकडे जसेच्या तसे यायला हवेत. ‘श्वास चौदा’ हे दोन शब्द तिने ज्या सुरात ओव्हर देताना म्हटले असते, त्याच सुरात हवेत.

तयार फिल्म टाकण्याआधी वॉर्डाच्या डॉक्टरांना आणि इन्चार्ज सिस्टरना दाखवा, मुख्यतः ऑक्सिजनच्या भागासाठी. हा व्हिडिओ बघून कोणी घरी असलेल्या न्यूमोनियाच्या रुग्णाचा ऑक्सिजन कमी केला तर अनर्थ होईल. ‘बाबांच्या केस पेपरवर डॉक्टरांनी लिहिलं होतं’ आणि ‘त्यांच्या फुप्फुसांना तेवढंच योग्य होतं’ ही दोन वाक्यं म्हणूनच कितीही कापाकापी झाली तरी काढायची नाहीत. शक्य असेल तर त्यांच्या जोडीला आणखी एक घाला: ‘हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो, तो डॉक्टरच ठरवतात.’ ही सूचना आवाजातच असू द्या, व्हिडिओखालच्या वर्णनात नको. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरायला लागला की वर्णन मागेच राहतं.